करार मागणीचा हिशेब : एका दुग्धशाळेचे वीज कंपनीस पत्र

दुधाच्या धंद्यात पैशाचा हिशेब लिटरमागे काही पैशांवर येऊन ठेपतो. चारा, वाहतूक आणि मजुरी यांवर मालकाचे लक्ष असते. विजेचे देयक मात्र बहुधा तळाचा आकडा पाहून भरले जाते. त्या देयकात 'मागणी आकार' या नावाची एक रक्कम असते. ती किती युनिटे वापरली यावर अवलंबून नसून, कोणत्याही एका अर्ध्या तासात जास्तीत जास्त किती वीज ओढली आणि किती ओढण्याचा करार केला आहे, यावर ठरते. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी खाजगी दुग्धशाळा चालविणाऱ्या एका गृहस्थांनी हा करार बदलून मिळावा म्हणून वीज कंपनीला पत्र लिहिले. त्या पत्राचा पहिला मसुदा आणि प्रत्यक्ष पाठविलेले पत्र यांत मोठे अंतर होते. ते कसे पडले, याची हकीकत प्रस्तुत लेखात दिली आहे. नाव व गाव छापू नये, अशी त्यांची इच्छा असल्याने त्यांचा उल्लेख गावाप्रमाणेच 'आप्पा' असा करीत आहे.

नव्वदचा आकडा कोठून आला ?

आप्पांच्या दुग्धशाळेत दोन्ही वेळचे मिळून सुमारे सहा हजार लिटर दूध येते. आलेले दूध तीन हजार लिटरच्या बल्क कूलरमध्ये थंड होते. त्यातील काही दूध तासाला हजार लिटर क्षमतेच्या पाश्चरायझरमधून जाते व पिशव्यांत भरले जाते. जोडणी घेताना ठेकेदाराने साऱ्या यंत्रांवरील पाट्या वाचून अश्वशक्तीची बेरीज केली. ती ८९ भरली. एक अश्वशक्ती म्हणजे ढोबळमानाने एक केव्हीए, हा कारागिरांचा ठोकताळा आहे आणि तो मोटरीच्या पूर्ण भारापुरता फारसा चुकीचाही नाही. त्यानुसार ९० केव्हीए ही 'करार मागणी' अर्जात लिहिली गेली व तीच कायम राहिली.

येथे दोन संज्ञा वेगळ्या करणे अवश्य आहे. जोडभार म्हणजे जागेवर बसविलेल्या सर्व यंत्रांची बेरीज. कमाल मागणी म्हणजे त्यांपैकी जी यंत्रे एकाच वेळी चालतात त्यांनी प्रत्यक्ष ओढलेल्या विजेचे शिखर. घरात दहा दिवे असले तरी दहाही दिवे एकदम लागतात असे नाही. दुग्धशाळेत तर कामाचा क्रमच असा असतो की बरण्या धुण्याचे काम दूध उतरल्यावरच सुरू होते. म्हणून जोडभारावरून करार मागणी ठरविली तर ती जवळजवळ नेहमीच फुगलेली निघते.

मीटर हे शिखर कसे मोजतो, हेही समजून घेतले पाहिजे. मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात किती वीज गेली ते नोंदवितो आणि ती दुप्पट करून त्या अर्ध्या तासाची सरासरी मागणी काढतो. महिन्यातील सर्वांत मोठी सरासरी ही त्या महिन्याची कमाल मागणी होय. मोटर सुरू होताना तिला सहापट प्रवाह लागतो आणि त्यामुळे मागणी भडकते, अशी भीती अनेकांना वाटते. तिच्यापायी करार मागणी वाढवून घेणारेही पाहिले आहेत. प्रत्यक्षात दहा केव्हीएची मोटर आठ सेकंद साठ केव्हीए ओढत राहिली, तरी अठराशे सेकंदांच्या सरासरीत त्याची भर पाव केव्हीएच्या आसपासच पडते. शिखर चढते ते सुरुवातीच्या झटक्याने नव्हे, तर अनेक यंत्रे अर्धा तास सोबत चालल्याने.

बारा महिन्यांची देयके

आप्पांची पुतणी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेत होती. सुट्टीत घरी आल्यावर तिने फाईल उघडली आणि एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या वर्षाची देयके ओळीने लावली. प्रत्येक देयकावर त्या महिन्याची कमाल मागणी छापलेली असते. एप्रिलपासून ते आकडे असे होते : ४७, ५८, ४५, ४२, ४१, ४३, ४६, ४९, ५०, ५०, ४८ आणि ४८. करार ९० चा, आणि वर्षभरात एकदाही ६० च्या वर जाणे झालेले नाही, हे पाहून आप्पांनी त्याच दिवशी पत्राचा मसुदा लिहून काढला. "आमची मागणी पन्नासच्या वर जात नाही. मे महिना अपवाद होता. सबब करार मागणी ५० केव्हीए करावी," असा त्याचा आशय होता.

बहुतेक माणसे याच ठिकाणी थांबतात. पुतणी थांबली नाही. तिने विचारले, "काका, मे महिन्यात अठ्ठावन कशाने झाले, ते सांगा. ते पुन्हा होणार असेल तर तो अपवाद कसला ?"

या प्रश्नाचे उत्तर देयकात मिळत नाही, मीटरमध्ये मिळते. त्या मीटरच्या पडद्यावर बटण दाबत गेल्यास कमाल मागणीबरोबर तिची तारीख व वेळही दिसते. मागील महिन्यांच्या नोंदी त्यातच साठविलेल्या असतात. अर्ध्या तासागणिक भाराची नोंद कंपनीचे कर्मचारी मीटरमधून उतरवून घेऊ शकतात व ग्राहकाने लेखी मागितल्यास ती पाहावयास मिळू शकते. पडद्यावरील आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. अशा जोडणीत मीटर रोहित्रकाच्या म्हणजे सीटीच्या मार्फत मोजत असतो आणि देयकावर एक गुणक छापलेला असतो. पडद्यावर १.२५ दिसले आणि गुणक ४० असेल, तर मागणी ५० केव्हीए समजावयाची. गुणक विसरून केलेला हिशेब कागदावर सुंदर दिसतो, पण त्याला अर्थ उरत नाही.

मे महिन्यातील ते शिखर एका सकाळी साडेसात ते आठ या वेळेतील निघाले. त्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. जनित्रावर फक्त बल्क कूलर चालत होता. वीज आली तेव्हा सकाळचे दूध ओट्यावर उभे होते, शीतखोलीचे तापमान वर चढले होते आणि पाण्याची टाकी रिकामी होती. कामगारांनी साहजिकच सगळी बटणे एकदम दाबली. वीज जाणे-येणे कोणाच्याही हातात नसल्याने असा दिवस वर्षात पुन्हा उगवणार, हे आप्पांना मान्य करावे लागले.

यंत्रागणिक मोजणी

आता प्रश्न उरला तो असा, की वाईटात वाईट अर्ध्या तासात मागणी कोठवर जाऊ शकेल ? यासाठी पाट्या वाचून भागत नाही, प्रत्यक्ष प्रवाह मोजावा लागतो. वायरमनकडे टाँग टेस्टर असतो. तारेभोवती त्याचा चिमटा धरला की तीतून जाणारा प्रवाह अँपिअरमध्ये कळतो. तीन फेजच्या यंत्राची मागणी काढण्याचा मार्ग सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले १.७३२, आणि आलेल्या गुणाकारास हजाराने भागावयाचे. आप्पांच्या येथे सकाळी दाब ४०० व्होल्ट होता, म्हणजे एका अँपिअरमागे ०.६९३ केव्हीए. हा हिशेब आठवीच्या वर्गातही करून घेता येईल.

थंड करणारी यंत्रे एकत्र धरली असता ४६.५ अँपिअर भरले. त्यांत बल्क कूलरचे दोन कॉम्प्रेसर मिळून १९, आइस बँक टँकचा कॉम्प्रेसर १८, त्याचा पंप व ढवळणी ३.५ आणि शीतखोली ६ अशी विभागणी होती. दुधावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांचे २५.५ झाले. त्यांत एकटा होमोजिनायझर १२ अँपिअर घेतो. उरलेल्यांत पाश्चरायझरचे पंप, क्रीम सेपरेटर, पिशव्या भरण्याचे यंत्र व हवेचा कॉम्प्रेसर येतात. पाणी तापविण्याचा हीटर १२, बॉयलरचा पंखा २ आणि दिवे-काटा-संगणक ४. एकूण ९० अँपिअर, म्हणजे सुमारे ६२ केव्हीए. बोअरवेलच्या पंपाचे ६.५ अँपिअर यात धरलेले नाहीत.

नेहमीच्या सकाळी यांपैकी सर्व यंत्रे एकत्र चालत नाहीत. हीटर दहानंतर, बरण्या धुताना लागतो. शीतखोलीचा कॉम्प्रेसर तापमान उतरले की आपोआप थांबतो व अर्ध्या तासात साधारण निम्मा वेळच चालतो. बारा आणि तीन वजा केले की ७५ अँपिअर उरतात, म्हणजे ५२ केव्हीए. डिसेंबर-जानेवारीच्या देयकांतील ५० शी हा आकडा चांगला जुळतो. थोडा फरक राहणारच, कारण प्रत्येक यंत्राचा पॉवर फॅक्टर वेगळा असल्याने केव्हीएची सरळ बेरीज मीटरपेक्षा किंचित जास्त येते. मोजणी आणि मीटर यांत दोन-चार केव्हीएचे अंतर असेल तर मोजणी विश्वसनीय मानावी. पंधरा-वीसचे अंतर निघाल्यास मात्र गुणक चुकला आहे, एखादे यंत्र गळले आहे किंवा कपॅसिटर निकामी झाले आहेत, असे समजून पुन्हा पाहावे.

मे महिन्यातील सकाळही या मोजणीत बसते. शीतखोली पूर्ण वेळ चालली म्हणून तीन अँपिअर वाढले, बोअरवेलचे साडेसहा वाढले. ७५ चे ८४.५ झाले व मागणी साडेअठ्ठावन केव्हीएपर्यंत गेली. मीटरने ५८ दाखविले होते. त्याच वेळी कोणी हीटरही लावला असता तर आकडा ६७ पर्यंत गेला असता. तो या दुग्धशाळेचा खरा कडेलोट होय.

थंडाव्याच्या यंत्रांचा आकडा मुळात योग्य आहे की नाही, हे पडताळण्याची आणखी एक रीत पुतणीने दाखविली. तीन हजार लिटर दुधाचे वजन सुमारे ३,०९० किलो. ते ३४ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे, म्हणजे प्रत्येक किलोतून ३० अंशांची उष्णता काढावयाची. दुधाची विशिष्ट उष्णता ३.९३ किलोज्यूल धरली तर ही उष्णता सुमारे १०१ युनिटांइतकी भरते. तीन तासांत ती काढावयाची तर ताशी ३४ युनिटे. चांगल्या स्थितीतील कॉम्प्रेसर एका युनिट विजेवर उन्हाळ्यातही अडीच युनिटांच्या जवळपास उष्णता बाहेर फेकतो. त्यामुळे विजेची गरज साडेतेरा किलोवॉटच्या आसपास येते. आप्पांच्या कूलरचे १९ अँपिअर म्हणजे १३ केव्हीए, आणि पॉवर फॅक्टर हिशेबात घेता त्याचे किलोवॉट याहून कमी होतात. कूलर दूध वेळेत थंड करीत होता, तेव्हा यंत्र उत्तम चालले आहे एवढा निष्कर्ष निघाला. याउलट प्रवाह पाटीवरील आकड्याला भिडलेला असून दूध चार तासांतही थंड होत नसेल, तर आधी कंडेन्सरवरील धूळ झाडावी आणि मग कंपनीला पत्र लिहावे.

हंगामाचाही विचार येथे करावा लागतो. दूध हिवाळ्यात, पुष्टकाळात जास्त येते. कॉम्प्रेसरला श्रम उन्हाळ्यात जास्त पडतात. त्यामुळे दुग्धशाळेच्या मागणीला एक नव्हे, दोन चढ असतात आणि पावसाळ्यात ती तळाशी जाते. ऑगस्टचा ४१ हा आकडा पाहून कोणी करार ठरविला तर डिसेंबरातच तो मोडेल. बारा महिन्यांपेक्षा कमी नोंदी घेऊन केलेला अर्ज या धंद्यात निरुपयोगी समजावा.

पन्नास का नको ?

आता मुख्य मुद्दा. करार मागणी जितकी कमी तितकी बचत जास्त, हा समज आप्पांच्या पहिल्या मसुद्याच्या मुळाशी होता. तो खरा नाही.

मागणी आकार कशावर लावावयाचा, याचे सूत्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशात असते. मार्च २०२० च्या आदेशात लघुदाब ग्राहकांसाठी ते असे होते : सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील प्रत्यक्ष कमाल मागणीचे ६५ टक्के, किंवा करार मागणीचे ४० टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. आप्पांची बारा देयके या आदेशाच्या काळातील आहेत. टक्केवारी व तास आदेशागणिक बदलू शकतात. ज्याने त्याने अर्जाच्या दिवशी लागू असलेला आदेश पाहून हाच हिशेब मांडावा.

करार ९० चा असताना त्याचे ४० टक्के म्हणजे ३६. प्रत्यक्ष मागणी ४१ असो वा ५०, तिचे ६५ टक्के साडेबत्तीसच्या पुढे जात नाहीत. म्हणून मे वगळता अकरा महिने आकार ३६ वरच लागला. मे महिन्यात तो ३७.७ वर लागला. वर्षाची बेरीज ४३३.७. करार खाली आणला असता आणि दरमहा प्रत्यक्ष मागणीचे ६५ टक्केच धरले गेले असते, तर हीच बेरीज ३६८.५५ झाली असती. फरक ६५ केव्हीएचा. दर केव्हीएला ४०० रुपये, असा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी दर धरला, तर वर्षाला सुमारे २६,००० रुपये विनाकारण जात होते.

परंतु ही सर्व बचत हाती येण्यासाठी करार किती खाली आणावा लागतो ? वर्षातील सर्वांत कमी मागणी ४१. तिचे ६५ टक्के २६.६५. करार मागणीचे ४० टक्के याच्या खाली गेले की करार हिशेबातून निघून जातो. ६५ चे ४० टक्के २६ होतात. म्हणजे ६५ केव्हीएवर बचत पूर्ण झाली. तेथून करार ६० वर आणा, ५० वर आणा, देयकात एक रुपयाही आणखी कमी होणार नाही, कारण आता आकार प्रत्यक्ष मागणीवरच लागणार.

उलट जोखीम मात्र वाढते. करारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली तर जास्तीच्या भागावर मागणी आकाराच्या दीडपट दराने दंड बसतो, आणि असे वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा घडले तर पुरवठा संहितेनुसार पुढील कारवाई होऊ शकते. करार ५० चा असता तर मे महिन्यात ८ केव्हीए जास्त झाले असते व ४०० च्या त्याच दराने ४,८०० रुपये दंड पडला असता. डिसेंबर आणि जानेवारी तर अगदी काठावर आहेत. एखादा कपॅसिटर जळाला असता तरी ते दोन्ही महिने करारापलीकडे गेले असते. ६५ च्या करारात मे महिना आत बसतो. हीटरसह ६७ चा प्रसंग आलाच तर दंड दोन केव्हीएचा, म्हणजे बाराशे रुपयांचा, आणि तो टाळणेही आपल्याच हाती आहे.

आप्पांनी कागद पुढे ओढून स्वतः आकडे पुन्हा मांडले. मग म्हणाले, "म्हणजे मी कमी मागत होतो तेच महागात पडणार होते." आणि त्यांनी पहिला मसुदा बाजूला ठेवला.

मोठ्या सहकारी संघांची जोडणी उच्चदाबाची असते. त्यांचे सूत्र याहून कडक आहे. तेथे मागील अकरा महिन्यांतील सर्वोच्च आकारणी मागणीचाही ७५ टक्के हिस्सा धरला जातो आणि करार मागणीची टक्केवारी अधिक असते. एका महिन्याची चूक तेथे वर्षभर पाठीस लागते. रीत मात्र हीच : करार हिशेबातून जेथे गळून पडतो तो आकडा काढावयाचा, वाईटात वाईट शिखर काढावयाचे, आणि या दोहोंकडे पाहून मागणी करावयाची. एखाद्या ठिकाणी शिखराचा आकडा बचतीच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर दंडाची शक्यता आणि जादा आकार यांची तुलना करावी लागेल. आप्पांच्या बाबतीत दोन्ही आकडे जवळजवळ एकत्र आले, हा योगायोग होय.

पाठविलेले पत्र

अखेर गेलेल्या पत्राचा मजकूर, ओळख पटेल असा तपशील वगळून, पुढे दिला आहे.

"प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता, उपविभागीय कार्यालय.

विषय : लघुदाब औद्योगिक जोडणीची करार मागणी ९० केव्हीएवरून ६५ केव्हीए करण्याबाबत.

महोदय,

आमची दूध शीतकरण व प्रक्रिया करणारी दुग्धशाळा असून तिच्या जोडणीची करार मागणी ९० केव्हीए आहे. ही मागणी जोडणी घेताना यंत्रांच्या पाट्यांवरील अश्वशक्तीच्या बेरजेवरून लिहिण्यात आली होती.

एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या बारा महिन्यांत आपल्या मीटरवर नोंदलेली कमाल मागणी किमान ४१ व कमाल ५८ केव्हीए आहे. ५८ ची नोंद मे महिन्यात वीजपुरवठा पूर्ववत झाल्यानंतरच्या अर्ध्या तासातील असून इतर अकरा महिन्यांत मागणी ५० केव्हीएच्या वर गेलेली नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून प्रत्येक यंत्राचा चालू स्थितीतील प्रवाह मोजून घेतला असून, नेहमीच्या कामाच्या वेळी एकत्र चालणाऱ्या यंत्रांची मागणी ५२ केव्हीए व पुरवठा पूर्ववत झाल्यानंतरची मागणी ५९ केव्हीए येते. ही मोजणी मीटरवरील नोंदींशी जुळते.

सबब करार मागणी ६५ केव्हीए करण्यात यावी, ही विनंती. जोडभारात कोणताही बदल केलेला नाही. पुढील वर्षात नवीन यंत्र बसविण्याचा विचार नाही. जोडणीवर थकबाकी नाही.

मागणी मान्य झाल्यास ती कोणत्या देयकापासून लागू होईल, तसेच मीटर अथवा सीटी बदलण्याची आवश्यकता असल्यास त्याचा तपशील व खर्च, कृपया लेखी कळवावा. मागणी मान्य करण्यास अडचण असल्यास तिचे कारणही लेखी मिळावे.

सोबत : बारा देयकांच्या प्रती, यंत्रांची यादी व मोजणी तक्ता, मूळ कराराची प्रत.

आपला विश्वासू,"

पत्रात दराविषयी तक्रार नाही, बचतीचा आकडा नाही, की धंद्याच्या हलाखीचे वर्णन नाही. अधिकाऱ्याला निर्णयासाठी जे लागते तेवढेच आहे : जुना आकडा, नवा आकडा, आणि नवा आकडा कंपनीच्या स्वतःच्या नोंदींतून निघतो याचा पुरावा. 'शक्य तितकी कमी करावी' अशी मोघम विनंती असलेला अर्ज पुढे सरकत नाही, कारण किती कमी करावी हे ठरविण्याची जबाबदारी तो दुसऱ्यावर टाकतो. हल्ली असा अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. तरी मोजणी तक्ता जोडावा आणि पोच जपून ठेवावी. लेखी उत्तर न मिळाल्यास अथवा ते समाधानकारक नसल्यास विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते, आणि तेथेही प्रथम पोचच पाहिली जाते.

नवीन यंत्र बसविण्याचा विचार नाही, हे वाक्य लिहिताना आप्पा बराच वेळ थांबले होते. पनीरचा विभाग काढण्याचे त्यांच्या मनात होते. करार एकदा कमी केला की ती क्षमता आपल्यासाठी राखून ठेवलेली राहत नाही. पुढे वाढवून हवी असल्यास नवा अर्ज करावा लागतो, त्या भागातील रोहित्रावर तेवढी जागा शिल्लक असावी लागते आणि त्यासाठी खर्चही पडू शकतो. दोन वर्षे तरी पनीर नाही, असे घरात ठरल्यावरच ते वाक्य कायम झाले. वर्षभरात विस्तार होणार असेल त्याने हे पत्र लिहूच नये.

मागणी मंजूर झाली. मंजुरीचे पत्र आले म्हणजे काम झाले, असे मात्र नसते. बदललेला आकडा देयकावर छापून येईपर्यंत जुनाच हिशेब चालू राहतो, आणि मागील महिन्यांचे पैसे या मार्गाने परत मिळत नाहीत. आप्पांनी पुढील दोन देयके आल्याबरोबर करार मागणीची ओळ पाहिली. दुसऱ्या देयकावर ६५ दिसले.

दुग्धशाळेतही दोन बदल झाले. आइस बँकचा कॉम्प्रेसर सकाळी साडेसहा ते साडेनऊ बंद राहील, असे घड्याळ त्याला बसविले. बर्फ आधीच साठलेला असतो, त्या वेळी फक्त थंड पाण्याचा पंप चालतो. पूर्वी बर्फ रात्री दहानंतर करणे सोयीचे होते, कारण त्या वेळची मागणी हिशेबात येत नव्हती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनंतर दिवसा सौरकाळातील वीज स्वस्त ठेवण्याकडे दररचना वळली असल्याने, दुपारचे काही तासही आता त्यासाठी पाहिले जात आहेत. एका कॉम्प्रेसरचे १८ अँपिअर शिखराबाहेर काढल्याने नेहमीच्या सकाळची मागणी बारा केव्हीएने उतरली. दुसरा बदल त्याहून साधा आहे. हीटरच्या बटणावर पुतणीने एक कागद चिकटविला असून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'वीज आल्यावर अर्धा तास हात लावू नये. आधी कूलर, मग शीतखोली, मग बोअर.'